राउटर बंद-चालू केला की नेट सुसाट, चार दिवसांनी पुन्हा रडगाणं: दोष नेमका कुठे आहे ते कसं ओळखायचं

नेट मंदावलं, राउटरचं बटण बंद केलं, दहा सेकंदांनी चालू केलं आणि सगळं सुरळीत झालं. काही दिवसांनी, किंवा उन्हाळ्यात काही तासांनीच, पुन्हा तेच. अशा वेळी राउटर गेला म्हणून नवा आणणारे आहेत आणि इंटरनेटवाल्याशी भांडणारेही आहेत. दोघांचंही चुकू शकतं, कारण बटण बंद-चालू केल्यावर एकाच वेळी चार-पाच गोष्टी घडतात. त्यांतल्या कुठल्या गोष्टीने नेट सुधारलं, हे नुसत्या बटणावरून कळत नाही.

राउटरची रॅम पुसली जाते, म्हणजे आत साठलेल्या सगळ्या नोंदी जातात आणि अडकलेले प्रोग्रॅम नव्याने सुरू होतात. वायफाय नवं चॅनल निवडू शकतं. सगळे फोन एकदा तुटून पुन्हा जोडले जातात. इंटरनेटवाल्याकडे लॉगिन करणारी पीपीपीओई जोडणी नव्याने लागते. आणि बटण थोडा वेळ बंद राहिलं असेल तर डबा गार होतो. उलट एफयूपी, म्हणजे प्लॅनमधली पूर्ण वेगाच्या डेटाची मर्यादा, संपून वेग उतरला असेल, तर कितीही वेळा बंद-चालू करा, फरक पडत नाही. त्यामुळे बंद-चालू केल्याने हमखास फरक पडत असेल, तर एफयूपीचा संशय सोडून द्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुढच्या वेळी नेट मंदावलं की बटणाला लगेच हात लावू नका. ती मंदावलेली दहा मिनिटं म्हणजे तुमच्याकडचा एकमेव पुरावा आहे आणि बटण दाबलं की तो पुसला जातो.

बटणाआधी बघायच्या गोष्टी

आधी राउटरच्या प्रशासन पानावर जाऊन अपटाइम बघा, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे ते. बऱ्याच राउटरांवर हे 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 ला ‘स्टेटस’ खाली दिसतं. तुम्ही आठवडाभर बटणाला हात लावलेला नाही, वीजही गेलेली नाही आणि अपटाइम चाळीस मिनिटं दाखवतोय, तर राउटर स्वतःहून बंद-चालू होतोय. हा प्रश्न वेगळा आहे. त्यात पहिला संशय अडॅप्टरवर घ्यायचा, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

मग विंडोज लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा आणि कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्यांत हे चालवा:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिली आज्ञा फक्त राउटरपर्यंत जाते. केबलवर तिचं उत्तर एक मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवं. ते शेकड्यांत जात असेल किंवा मधूनमधून ‘Request timed out’ येत असेल, तर राउटरचा प्रोसेसरच गुदमरला आहे. केबलवर सगळं छान आणि त्याच क्षणी फोनवर वायफाय रखडतंय, तर दोष रेडिओत आहे, म्हणजे उष्णता किंवा चॅनलची गर्दी. पहिली आज्ञा स्वच्छ आणि दुसरी खराब, तर बाहेरच्या लाइनकडे बघा.

तिसरी खूण लोक सहसा सांगतात, पण तिचा अर्थ लावला जात नाही. आधीपासून चालू असलेला व्हिडिओ किंवा मोठा डाउनलोड नीट चालू राहतो, मात्र नवीन पान उघडत नाही. कधी उघडतं, कधी गोल फिरत राहतं. ही खूण दिसली की माझं लक्ष थेट राउटरच्या जोडण्यांच्या तक्त्यावर जातं.

अभ्यासिकेतला राउटर

अकोल्यातल्या एका स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत हे सगळं एका जागी बघायला मिळालं. साठेक खुर्च्या, वर टिनाचं छत, खाली दोन डेझर्ट कूलर. पोरं बटणाशी खेळतात म्हणून राउटर छताजवळच्या कुलूपबंद लाकडी पेटीत. त्याच पेटीत इंटरनेटवाल्याचा ओएनटी, म्हणजे फायबर जिथे येऊन लागते तो डबा, आणि छोटा यूपीएस, एकावर एक रचलेले. राउटर सात-आठ वर्षं जुना. अभ्यासिका चालवणारे काका म्हणाले, “भाऊ, दुपारी रोजच बोंब असते. बटण मारलं की थोडा वेळ चालतं. पावसाळ्यात एवढं होत नाही, पण तेव्हाबी चार-पाच दिवसांआड होतेच.”

त्यांच्या या एका वाक्यात दोन आजार होते. दुपारचा रोजचा त्रास आणि बाराही महिने चार-पाच दिवसांनी येणारा त्रास. दोन्ही बटणाने बरे होत होते, म्हणून काकांना तो एकच वाटत होता.

मे महिना होता. भर दुपारी वायफाय रखडलं तेव्हा केबलवरचा लॅपटॉप मजेत चालत होता. म्हणजे प्रोसेसर ठीक, रेडिओ अडचणीत. इथे एक साधी चाचणी करता येते. राउटर बंद करून दहा सेकंदांत लगेच चालू करायचा, म्हणजे रॅम पुसली जाते पण डबा गरमच राहतो. आम्ही तसं केलं. वायफाय सुधारलं, पण पाव तासात पुन्हा रडायला लागलं. मग बटणाला हात न लावता पेटीचं दार सताड उघडलं आणि समोर स्टँडचा पंखा लावला. थोड्या वेळात फोनवरचा वेग परत आला आणि संध्याकाळपर्यंत टिकला. रॅमचा दोष असता तर पंख्याने बरा झाला नसता.

मल्टिमीटरच्या तापमानाच्या काडीने पेटीतली हवा मोजली तर ५६ अंश, खाली खोलीत ३८. बहुतेक घरगुती राउटरांच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान ० ते ४० अंश छापलेलं असतं आणि ते आजूबाजूच्या हवेचं असतं, आतल्या चिपचं नाही. चिप त्याहून बरीच गरम चालते आणि तशी चालायला बनवलेलीही असते. पण भोवतीची हवाच ५६ वर गेली की चिपला उष्णता टाकायला जागा उरत नाही. मग बऱ्याच रेडिओ चिप स्वतःला वाचवण्यासाठी प्रसारणाची ताकद कमी करतात किंवा मधे मधे थांबतात. फोनवर सिग्नलच्या काड्या दिसतात, वेग मात्र मरतो. गच्च बंद टीव्ही युनिटमध्ये सेट-टॉप बॉक्सवर ठेवलेल्या राउटरचंही असंच होतं.

हात लावून ‘गरम लागतंय’ एवढ्यावर मात्र निकाल देऊ नका. चांगला चालणारा राउटरही हाताला गरम लागतो. पंख्याची चाचणी जास्त खरं सांगते. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्सवर चालणारं खुलं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल किंवा एसएसएचने, म्हणजे लॅपटॉपवरून आज्ञा देत, आत जाता येत असेल, तर काही मॉडेलांवर आकडाही मिळतो:

```
cat /sys/class/thermal/thermal_zone0/temp
```

उत्तर अंशाच्या हजाराव्या भागात येतं, म्हणजे 68000 म्हणजे ६८ अंश. एकट्या आकड्यापेक्षा पहाटेचा आणि दुपारी नेट रखडल्या वेळचा आकडा शेजारी ठेवून बघा.

उपाय काही मोठा नव्हता. पेटी छतावरून काढून भिंतीवर खांद्याच्या उंचीला आणली, लाकडी दाराऐवजी जाळीचं दार लावलं, तिन्ही डबे वेगवेगळे केले आणि राउटर उभा टांगला, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा वर चढते. कूलरच्या झोतासमोर मात्र ठेवायचा नाही, ओलाव्याने आतले सांधे गंजतात. दुपारचा त्रास तिथे संपला.

चार-पाच दिवसांनी येणारा त्रास

पाऊस पडला, हवा गार झाली आणि दुसरा आजार एकटाच समोर आला. या वेळी केबल आणि वायफाय दोन्हीकडे सारखंच चित्र होतं. राउटरला पिंग एक मिलिसेकंदात. एका पोराचं लेक्चर डाउनलोड होत होतं, ते अखंड चालू. शेजारच्याचं नवीन पान मात्र उघडेना.

घरातल्या सगळ्या उपकरणांना मिळून बाहेर जायला एकच पत्ता असतो. त्यामुळे कुठल्या फोनने बाहेर कुणाशी जोडणी केली, याची एक नोंदवही, म्हणजे मघाचा जोडण्यांचा तक्ता, राउटरला रॅममध्ये ठेवावी लागते. परत आलेला डेटा कुणाला द्यायचा हे त्याला तिच्यातूनच कळतं. या नोंदवहीची पानं मोजकी असतात. त्या राउटरमध्ये एसएसएच चालू करायची सोय होती, म्हणून आत जाऊन बघता आलं:

```
cat /proc/sys/net/netfilter/nf_conntrack_count
cat /proc/sys/net/netfilter/nf_conntrack_max
dmesg | grep conntrack
```

कमाल मर्यादा ४०९६ आणि वापरात चार हजारांच्या वर. तिसऱ्या आज्ञेने तर सरळच सांगितलं: `nf_conntrack: table full, dropping packet`. वही भरली, नवीन जोडणीला जागा नाही, जुन्या मजेत. म्हणून डाउनलोड चालू आणि नवीन पान अडकलेलं.

ही स्थिती पिंगने पकडायला जाऊ नका. वही भरत आली की राउटरच्या आतला लिनक्स कर्नल आधी कच्च्या नोंदी काढून टाकायचा प्रयत्न करतो, आणि पिंगची नोंद कच्चीच धरली जाते. त्यामुळे पिंग कधी लागतं, कधी लागत नाही आणि आपण लाइनला दोष देत बसतो. चालू डाउनलोड विरुद्ध नवीन पान हीच खूण धरा.

आता साठ पोरांच्या वापरात चार हजार नोंदी आल्या कुठून? तेव्हा खोलीत जेमतेम वीस जण होते. कुणाच्या नावावर किती नोंदी आहेत ते असं दिसतं:

```
grep -o 'src=192[^ ]*' /proc/net/nf_conntrack | sort | uniq -c | sort -rn | head
```

यादीत सकाळीच घरी गेलेल्या, काही तर दोन दिवस न आलेल्या पोरांच्या फोनचे पत्ते होते. लिनक्समध्ये लागलेल्या टीसीपी जोडणीची नोंद ४,३२,००० सेकंद, म्हणजे तब्बल ५ दिवस ठेवायची, असं मुळात ठरलेलं आहे. दोन्ही टोकांनी जोडणी नीट मिटवली तर नोंद दोनेक मिनिटांत जाते. पण पोरगं बॅग उचलून फाटकाबाहेर पडलं की फोन वायफायच्या टापूबाहेर जातो आणि त्याच्या जोडण्या मिटवायच्या राहतात. पलीकडच्या सर्व्हरने नंतर मिटवल्या तरी तो निरोप दरवेळी पोचतोच असं नाही, कारण आपल्याकडे बरेच इंटरनेटवाले अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात आणि त्यांची मधली यंत्रणा रिकामी पडलेली जोडणी आपल्या राउटरच्या कितीतरी आधी विसरते. मग ती नोंद पाच दिवस तशीच. रोज साठ फोन, फोनमागे अशा दहा-बारा मेलेल्या नोंदी धरल्या तर दिवसाला सहा-सातशे होतात. चालू नोंदी मिळून पाचव्या दिवसापर्यंत वही भरते. काकांचं ‘चार-पाच दिवसांआड’ या हिशोबाशी तंतोतंत जुळतं.

मर्यादा वाढवून मोकळं व्हावं असं इथे वाटतं, पण जुन्या राउटरवर थांबा. प्रत्येक नोंदीला साधारण ३०० बाइट लागतात, म्हणजे १६,३८४ नोंदींना जवळपास ५ एमबी. एकूण रॅम ३२ एमबी आणि मोकळी जेमतेम तेवढीच असेल, तर नोंदींऐवजी रॅमच संपेल आणि कर्नल एखादा प्रोग्रॅम मारून टाकेल. आधी मुदत कमी करा:

```
echo 7440 > /proc/sys/net/netfilter/nf_conntrack_tcp_timeout_established
```

७४४० सेकंद म्हणजे २ तास ४ मिनिटं. हा आकडा मनाचा नाही. इंटरनेटच्या मानकांत, आरएफसी ५३८२ मध्ये, यापेक्षा कमी मुदत ठेवू नका असं म्हटलं आहे आणि ओपनडब्ल्यूआरटी हीच मुदत वापरतं. याचे दोन बारकावे आहेत. नवी मुदत आधीच्या मेलेल्या नोंदींना लागत नाही, म्हणून आधी राउटर एकदा बंद-चालू करायचा आणि मग ही आज्ञा द्यायची. आणि वीज गेली की ही सेटिंग पुसली जाते. ओपनडब्ल्यूआरटीवर ती `/etc/sysctl.conf` मध्ये लिहून ठेवता येते, कंपनीच्या फर्मवेअरवर, म्हणजे राउटरसोबत आलेल्या सॉफ्टवेअरवर, बहुधा नाही. अभ्यासिकेत मुदत बदलल्यावर संध्याकाळच्या ऐन गर्दीतही आकडा दीड हजाराच्या खाली राहू लागला.

इथे एक सावधगिरी सांगतो. काही जण राउटर बंद न करता प्रशासन पानावरून फक्त पीपीपीओई तोडून जोडतात आणि नेट सुधारलं की ‘दोष इंटरनेटवाल्याचा’ असा निकाल देतात. पण ती जोडणी तुटली की तिच्यावरून गेलेल्या नोंदीही बहुधा वहीतून पुसल्या जातात. त्यामुळे नोंदींचा आकडा न बघता असा निकाल देता येत नाही.

रॅम झिरपत असेल तर

नोंदी कमी आहेत, तरी दिवसेंदिवस राउटर जड होतोय, प्रशासन पान उघडायलाही वेळ लागतोय, असं असेल तर एखादा प्रोग्रॅम रॅम घेऊन परत करत नसावा. रोज एकाच वेळी `free` चालवून `available` चा आकडा लिहून ठेवा, तो नसेल तर `/proc/meminfo` मधला `MemAvailable`. नुसता `free` चा रकाना बघून घाबरू नका, लिनक्स मोकळी रॅम कॅशसाठी वापरतोच. ‘available’ रोज उतरतोय आणि रात्री वापर थांबल्यावरही वर येत नाही, तर गळती आहे. `dmesg` मध्ये `Out of memory` दिसलं तर शंकाच उरली नाही.

मारल्या गेलेल्या प्रोग्रॅममध्ये साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसचा नंबर लागला की व्हॉट्सअ‍ॅप चालतं आणि ब्राउझर चालत नाही. तेव्हा हे करून बघा:

```
nslookup example.com 192.168.1.1
nslookup example.com 8.8.8.8
```

पहिलं लटकलं आणि दुसरं लगेच आलं, तर राउटरमधली डीएनएस सेवा पडली आहे.

गळती आपल्याला दुरुस्त करता येत नाही, ती फर्मवेअरमध्ये असते. कंपनीने नवं फर्मवेअर दिलं असेल तर टाका. ट्रॅफिकचा हिशोब, पालक नियंत्रण, यूएसबी शेअरिंग असल्या न वापरातल्या सोयी बंद करा, त्या सगळ्या रॅम खातात. त्यानेही भागलं नाही तर पहाटे चारला आपोआप रीबूट लावून द्यायला हरकत नाही. गळतीवर आणि भरलेल्या वहीवर हा चालणारा तात्पुरता उपाय आहे. उष्णतेवर मात्र त्याचा काही उपयोग नाही, कारण पहाटे चारला पेटी गारच असते आणि त्रास दुपारी तीनला होतो.

म्हातारा अडॅप्टर

जुन्या राउटरमध्ये चिपच्या आधी थकतात ते अडॅप्टरमधले आणि बोर्डवरचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. आतला द्रव हळूहळू सुकतो आणि उष्णतेत फार लवकर सुकतो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं, असा ढोबळ हिशोब या धंद्यात धरतात. म्हणजे उन्हाळे पेटीत काढलेल्या राउटरला नंतर गार जागा दिली, तरी झालेलं नुकसान भरून येत नाही.

अडॅप्टरवर बहुधा १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण तो सुटा मोजला तर थकलेलाही १२ दाखवतो. राउटर जोडलेला, वायफायवर जोरात डाउनलोड चालू, अशा वेळी मोजा. ११.४ च्या खाली वारंवार जात असेल तर बदला. मल्टिमीटर नसेल तर तेवढ्याच व्होल्टचा दुसरा अडॅप्टर आठवडाभर लावून बघा. व्होल्ट अगदी तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि पिनची आतली बाजू धन आहे की ऋण ते दोन्हींवरच्या चित्रावरून जुळवून घ्या. बोर्डवर एखाद्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं, तर राउटरवर आणखी खर्च करू नका.

अभ्यासिकेत अखेर काकांना नवाच राउटर घ्यायला सांगितला. जुना दुरुस्त होत नव्हता म्हणून नाही, तर वीज गेली की मुदतीची सेटिंग जात होती आणि कंपनीने त्या मॉडेलचं फर्मवेअर देणं केव्हाच बंद केलं होतं. घेताना खोक्यावरच्या ‘एवढे एमबीपीएस’ या मोठ्या आकड्यापेक्षा रॅम बघायला सांगितली. घरासाठी १२८ एमबी आणि अशा गर्दीच्या जागेसाठी २५६ एमबीच्या खाली मी जाणार नाही. सोबत डीएचसीपीची, म्हणजे फोनला दिलेल्या आयपी पत्त्याची, मुदत २४ तासांवरून २ तासांवर आणली, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या फोनांनी पत्तेही असेच अडकतात. तसं झालं की नव्या फोनवर ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ एवढंच दिसत राहतं, आणि तेही बटणाने बरं होतं.

राउटर इंटरनेटवाल्याचाच असेल, ओएनटी आणि वायफाय एकाच डब्यात, तर आत शिरून हे आकडे बघता येत नाहीत. तेव्हा तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ एवढंच म्हणू नका. केबलवर राउटरला पिंग किती येतं, चालू डाउनलोड टिकतं की नाही, अपटाइम किती होता आणि पंखा लावून फरक पडला का, हे चारही सांगा आणि डबा बदलून मागा. बदलून देत नसतील तर तो ब्रिज मोडवर, म्हणजे फक्त डेटा पुढे सरकवण्यापुरता, टाकून द्यायला सांगा आणि मागे स्वतःचा राउटर लावा. मग ओएनटीकडे नोंदवही ठेवण्याचं कामच उरत नाही.